विहाराचा कंबरपट्टा

रविवारी माणसानं झोपावं. निदान पाय वर करून पडावं, चहा गार होऊ द्यावा. माझे रविवार मात्र जालन्याहून गावाकडं जाण्यात संपले. अंबड, घनसावंगी, मंग कुंभार पिंपळगावच्या अलीकडचा आमचा फाटा. आठवडाभर ऑफिसात लोकांच्या बिल्डिंगा मोजायच्या आणि सुट्टीच्या दिवशी आपल्याच गावच्या विहाराचं लोखंड तपासायला जायचं. कंबर अशी धरायची की गाडीतून उतरताना दाराला धरून उभं राहावं लागायचं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. कमिटीचे अध्यक्ष आमचे बाबा, आणि गावात शिकून स्ट्रक्चरल इंजिनियर झालेली मी एकटी. फुकटात इंजिनियर घरातच सापडल्यावर कमिटी काय सोडते होय!

विहार जुनं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये बुद्धाची बसलेली मोठी मूर्ती. तिला जागेवरून न हलवता तिच्याभोवतीच नवा हॉल उभा करायचा, असं ठरलं. समोर दोन मजल्यांएवढी उंच मोकळी जागा, त्यावर स्लॅब, आणि स्लॅबवर पोरापोरींसाठी अभ्यासिका. कपाटं, पुस्तकं, बाकडी, सगळं वर. पुढच्या अंगाला चार खांब. रस्त्यावरून मूर्ती दिसली पाहिजे म्हणून खांब बारीक ठेवा, असा सगळ्यांचा आग्रह. मी म्हटलं, ठेवते. समोरून नऊ इंच, आत खोलीला पंधरा. पण एवढ्या उंचीचा एवढा बारीक खांब नुसता उभा राहत नाही, म्हणून निम्म्या उंचीवर चारही खांबांना जोडणारा एक आडवा बीम घातला आणि तो दोन्ही टोकांना काँक्रीटच्या भिंतींत नेऊन बसवला. एक भिंत जिन्याची, दुसरी पलीकडच्या स्टोअरची.

आमचा मिस्त्री मंठ्याचा. हात चांगला, जीभ त्याहून चालू. तो त्या आडव्या बीमला पहिल्याच दिवशी 'कंबरपट्टा' म्हणाला.

"ताई, विहाराला कंबरपट्टा घातला का तुम्ही! लई झ्याक."

आम्ही सगळे हसलो. मंग मीही तेच म्हणायला लागले. फोनवर विचारायची, "कंबरपट्ट्याचं लोखंड आलं का?" साइटवर असं होतंच, वस्तूला एकदा नाव चिकटलं की नकाशातलं नाव कुणाच्या तोंडात राहत नाही.

कमिटीच्या बैठकीत मी एकदा समजावून सांगितलं होतं की ही बिल्डिंग झुलणार नाही. वारा असो, भूकंप असो, आडवा धक्का जिन्याच्या आणि स्टोअरच्या भिंती घेतील, खांबांच्या अंगावर तो येणार नाही. बायका माना डोलवत होत्या, बाबा वहीला टेकून ऐकत होते. मला तेव्हा वाटलं, चला, लोकांना समजलं.

समजलं ते असं समजलं.

तो रविवार स्लॅबच्या आधीचा. त्याच्या आधीचे दोन-तीन रविवार मला यायला जमलं नव्हतं. सेंटरिंगच्या फळ्या आणि टेकू लागलेले, सळया बांधलेल्या, दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडणार. गावात उत्साह नुसता. मी गाडीतून उतरले, कंबर सरळ केली, वर बघितलं आणि तशीच उभी राहिले. चार खांब खालपासून वरपर्यंत सरळसोट. मधे काही नाही. कंबरपट्टा नाही.

"मिस्त्री, बीम कुठंय?"

"कोणता ताई?"

"अहो, मधला! कंबरपट्टा!"

"तो व्हय. तो काढला की. गुरुजी म्हणले नको." गुरुजी म्हणजे आमचे बाबा, गावात गणित शिकवत म्हातारे झालेले. "म्हणले, दागिना हाय तो, शोभेचा. त्याच्यानं मूर्तीच्या डोळ्यावर आडवी पट्टी येऊन राह्यली व्हती. तुम्हीच म्हणल्या व्हत्या ना, बिल्डिंग झुलत न्हाई, भिंती धरत्यात? मंग खांबाला अजून काय पायजे?"

मी कपाळावर हात मारला. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. रागाचं नव्हतं ते, नुसत्या शिणाचं. आता हे सगळं पुन्हा सांगायचं, स्लॅब थांबवायचा, गावाचे चेहरे बघायचे, आणि हे ज्यांनी केलं त्यांच्याच घरी जाऊन जेवायचं.

विहाराच्या समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडं आमचं घर. घराचा ओटा रस्त्याकडं तोंड करून. बाबा तिथं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले. गुडघे गेल्यापासून दिवसभर तिथंच. मी जवळ जायच्या आधीच त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी हातातलं वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

"बाबा, उद्या स्लॅब पडणार न्हाई."

"का बरं?"

"तुम्ही बीम काढला."

"त्याला बीम काय म्हणती, कंबरपट्टा व्हता तो. मिस्त्रीच म्हणला."

"मिस्त्री उद्या पायाला पैंजण म्हणला तर पाया काढाल का?"

त्यांनी पेपर खाली केला. माझ्या आवाजाला एवढी धार आलेली त्यांनी फारशी ऐकली नव्हती. मलाही ती नको होती. आई पाणी घेऊन आली, दोघांकडं बघितलं आणि तांब्या ओट्यावर ठेवून तिथंच भिंतीला टेकली.

"हे बघ," बाबा शाळेतल्या आवाजात म्हणाले, "बिल्डिंग झुलत न्हाई. बराबर?"

"बराबर."

"म्हणजे खांबाचं डोकं इकडं-तिकडं जात न्हाई. बराबर?"

"बराबर."

"पाय तर जमिनीत गाडलेले. मंग डोकं हलत न्हाई, पाय हलत न्हाईत, त्याला काय धाड भरली?"

तेच तर. त्यांच्यासारख्या गणिताच्या माणसालाही तेच वाटलं आणि, सांगायला हरकत नाही, ही चूक मी शहरातल्या पदवीवाल्यांकडूनही ऐकली आहे. झुलत नाही म्हणजे वाकत नाही, असं समजतात.

मी आत गेले. बाबांच्या टेबलावर अजूनही पेनं, खडू, आणि एक प्लॅस्टिकची फूटपट्टी असते. ती घेऊन आले. ओट्यावर उभी धरली, वरून तळहात ठेवला आणि हळूहळू दाबला. पट्टी मधूनच फुगून एका बाजूला वाकली.

"डोकं हललं का?"

ते बघत राहिले. "न्हाई."

"पाय?"

"न्हाई."

"मंग काय झालं?"

"कंबर गेली," आई म्हणाली. बाबांनी तिच्याकडं बघितलं.

"आता बघा." मी आईला पट्टीच्या मध्यावर दोन बोटांची चिमूट धरायला लावली, आणि पुन्हा दाबलं. आता पट्टी जागची हलेना. तळहाताला कड रुतायला लागली तरी हलेना. "एवढंच काम होतं त्या कंबरपट्ट्याचं. तो वजन घेत नव्हता. नुसती चिमूट धरून होता. भिंतीत टोकं घातली होती ती त्याच्यासाठी, चिमूट धरणाराच हलला तर काय उपयोग? आता खांबाची मोकळी लांबी दुप्पट झाली. दुप्पट लांबीला खांब किती वजनावर वाकून मोडतो, सांगा?"

"निम्म्या?"

"चौथाईवर."

"वर्ग," ते पुटपुटले. लांबीचा वर्ग. गणितवाल्याला एवढं पुरे होतं. खुर्चीतल्या खुर्चीत ते थोडे खाली सरकले.

पण मी थांबले नाही. थकलेल्या माणसाला बोलायला लागल्यावर थांबता येत नाही. म्हटलं, एवढ्यावर भागत नाही. कुठलाच खांब अगदी सरळ नसतो आणि कुठलंच वजन अगदी मधोमध पडत नाही. थोडा वाक असतोच. त्या वाकावर वरचं वजन बसलं की वाकवणारा जोर वाढतो. जोर वाढला की वाक वाढतो. वाक वाढला की परत जोर. खांब दणकट असेल तर हे थोडं वाढून थांबतं. बारीक असेल आणि वजन त्याच्या हद्दीजवळ गेलं, तर थांबायचं नाव घेत नाही. कंबरपट्टा असताना मी हिशेब केला होता, मधला जोर टोकाच्या जोराच्या सव्वापटीच्या आसपास जात होता. तो काढला आणि नुसता हा पहिला स्लॅब टाकला तर जवळजवळ दुप्पट. आणि वर अभ्यासिका, तिचं छप्पर, पुस्तकांनी भरलेली कपाटं धरली, तर सहापटीच्या घरात. त्यातून पुस्तकं काही उठून जात नाहीत. कायमच्या वजनाखाली काँक्रीट हळूहळू आणखी वाकत राहतं, ते वेगळंच.

"सहापट म्हणजे?" आईनं विचारलं.

"सहापट म्हणजे खांब बदला, असं हिशेबाचा कागद सांगतो."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा. पलीकडं मिस्त्री आणि कमिटीतली चार माणसं आमच्याकडं बघत उभी होती. वर पोरंपोरी अभ्यास करणार, आणि त्यांच्या पायाखाली असे खांब. बाबांना तेच दिसलं असावं.

"उद्याचा स्लॅब बंद," ते मिस्त्रीला मोठ्यानं म्हणाले. "म्याडम सांगतील तसं करा."

मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच म्याडम म्हटलं. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मी जेवायला बसले. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तू उगं इतकं बोलली त्यांला."

"अगं, माणसं मेली असती."

"मेली असती, खरंय. पण त्यांनी शोभेसाठी न्हाई काढला तो."

मंग तिनं सांगितलं. गुडघे गेल्यापासून बाबांना रस्ता ओलांडता येत नाही. गल्लीतली पोरं धरून नेऊ म्हणतात, ते नको म्हणतात, ट्रॉल्यांच्या मधून असं उचलून नेलेलं त्यांना आवडत नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की ओट्यावर, त्याच खुर्चीत बसून ते समोर हात जोडतात. तिथूनच वंदना म्हणतात. पत्रे काढले, खांब उभे राहिले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा ओट्यावरून मूर्तीचा पूर्ण चेहरा दिसला. "पोरासारखे खुश झालते," आई म्हणाली. "मला उठून बोलावलं, ये ये, बघ म्हणले. आन् दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीनं तिथं फळ्या लावल्या. नेमकी डोळ्यांवर आडवी पट्टी. त्या दिवशी जेवले न्हाईत."

"मंग मला फोन करून सांगायचं ना!"

"काय सांगतील? मला बसून दिसत न्हाई म्हणून गावाचं विहार बदल? अध्यक्ष हायेत ते."

मी हात धुतला. पुन्हा साइटवर गेले. आता दोन रस्ते होते. एक म्हणजे कंबरपट्टा परत घालायचा, खांबांना भोकं पाडून, रसायनानं सळया बसवून, टोकं भिंतींत नेऊन. होण्यासारखं होतं, कामही कमी. दुसरा, खांब जाड करायचे. जुन्या काँक्रीटला टाचे मारून खडबडीत करायचं, पायापर्यंत खोदून नव्या सळया उतरवायच्या, रिंगा घालायच्या, चहूकडून नवीन काँक्रीटचा अंगरखा. प्रत्येक बाजूनं चार-पाच इंच. नऊ इंचाचा खांब मंग दुपटीला जातो, तेवढा जाड झाला की त्याला मधल्या चिमटीची गरज उरत नाही, उंची आणि जाडीचं प्रमाण पुन्हा हिशेबात बसतं.

दुसरा रस्ता वैतागाचा. पाया उकरायचा, वरच्या स्लॅबचं सेंटरिंग खांबापाशी सोडवायचं, पुन्हा बांधायचं, आणि आणखी कितीतरी रविवार माझे. मिस्त्री म्हणाला, "ताई, बीमच टाकू की. जल्दी होईल."

मी ओट्याकडं बघितलं. बाबा खुर्चीत होते, डोळे मिटलेले.

"बीम नको," मी म्हटलं. "खांब जाड करू."

"का पण?"

"चेहऱ्यावर येतो."

मिस्त्रीनं खांदे उडवले. त्याला वाटलं असेल, बाप-लेक दोघंही सारखेच. पण काम त्यानं मनापासून केलं. मी दर रविवारी गेले. रिंगांमधलं अंतर मोजलं, सळया पायात किती खोल गेल्या ते वाकून वाकून बघितलं, जुन्या काँक्रीटला ठोकून आवाज ऐकला. कधी मंठ्याचा बाजार म्हणून माणसं आली नाहीत, कधी लाइट नव्हती. घरी नवरा म्हणायचा, तू तिथंच राहा आता. जालन्याला परत येताना वडीगोद्रीकडून आलेल्या ट्रकांच्या मागं अडकून मी स्टेअरिंगवर डोकं टेकायची. एवढा शीण मला कुठल्याच साइटनं दिला नाही. तरी मनात एक होतं, की हे बाबांसाठी आहे, आणि हे त्यांना कधी सांगायचं नाही.

स्लॅब पडला. वर अभ्यासिका चढली, पोरंपोरी यायला लागली. मी पहिल्या वर्षात दर खेपेला खांबांवरून हात फिरवला, कुठं केसाएवढी चीर दिसते का बघितलं. काही नाही. ठणठणीत. फोनवर बाबांना विचारायची, "दिसतंय ना तिथून?"

"लख्ख," ते म्हणायचे. "एकदम लख्ख."

तेवढ्यावर माझा शीण उतरायचा.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा बाबा आत झोपलेले होते. कंबर फार धरली होती म्हणून मी त्यांच्याच खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते, ती त्यांची. पाठ टेकली, समोर बघितलं.

समोर खांब होता.

आमचा ओटा विहाराच्या बरोबर समोर नाही, थोडा एका अंगाला आहे. नजर तिरकी जाते. नऊ इंचाच्या खांबाला ती चाटून जायची आणि चेहरा दिसायचा. मी वाढवलेले चार-पाच इंच नेमके मधे आलेले. एक कान दिसत होता, आणि खांद्याचा थोडा भाग. मी खुर्ची उजवीकडं सरकवली, तर ओटा संपला. डावीकडं सरकवली, तर दार. उभी राहून बघितलं, वाकून बघितलं. कान आणि खांदा. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही पूर्ण मूर्ती दिसत होती. फक्त या एका खुर्चीतून दिसत नव्हती.

मी परत बसले. मागं काठीचा आवाज आला.

"ऊठ बरं माझ्या जागेवरून," बाबा म्हणाले. मी उठले नाही.

"बाबा, इथून दिसत न्हाई."

ते भिंतीला धरून उभे राहिले. "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तू खांब जाड केले तवापासून."

"मंग लख्ख दिसतंय, लख्ख दिसतंय काय म्हणत होता! एकदा सांगायचं ना मला! मी काहीतरी केलं असतं."

"तेच तर," बाबा म्हणाले. "तू काहीतरी केलं असतं. परत दर रविवारी आली असती." त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या खांद्याचा आधार घेतला. "तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं माय. लई थकली व्हती तू."

मी उठले आणि त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी गुडघे नीट केले, शर्टाची घडी सरळ केली, आणि समोरच्या खांबाकडं बघून हात जोडले.